जुन्या कॅमेऱ्याची किंमत ठरते कशी

वापरलेल्या कॅमेऱ्याचा हिशेब सुरू होतो तो त्याच मॉडेलच्या नव्या कॅमेऱ्याच्या आजच्या किमतीपासून. मालकाने तो घेताना किती पैसे मोजले होते, याला बाजारात काही अर्थ उरत नाही. पाच वर्षांपूर्वी नव्वद हजारांना घेतलेली बॉडी आज नवीकोरी सत्तर हजारांना मिळत असेल, तर वापरलेल्या बॉडीचा भाव सत्तर हजारांकडे बघून ठरणार. २०१९ च्या सुरुवातीला डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी चार-सहा महिने कॅमेरा घेतलेल्या माणसाने जादा कर भरला होता, पण विकताना तो कोणाकडूनही वसूल होण्यासारखा नव्हता. उलटही होते. रुपया घसरून आयातीचा माल महागला, की वापरलेल्या मालाचा भावही थोडा वर सरकतो.

आजची किंमत म्हणजे खोक्यावर छापलेली एमआरपी नव्हे. दुकानदार आज बिलावर जी रक्कम लिहील, ती खरी. दसरा-दिवाळीच्या दिवसांत कंपन्या कॅशबॅक देतात, जुना कॅमेरा दिल्यास बोनस देतात, बिनव्याजी हप्ते देतात. या योजनांमुळे नवी बॉडी दहा हजारांनी स्वस्त झाली, की वापरलेली बॉडी विकायला बसलेल्याचा भावही त्याच दिवशी खाली येतो, मग त्याला ते कळलेले असो वा नसो. म्हणून निदान दोन अधिकृत दुकानांत फोन करून प्रत्यक्ष भाव विचारावा आणि त्यात योजनेची सूट धरलेली आहे का, हेही विचारून घ्यावे.

नव्याच्या तुलनेत वापरलेला माल किती स्वस्त असायला हवा, याचे उत्तर गिऱ्हाइकाच्या मनात शोधावे लागते. नव्या कॅमेऱ्याबरोबर कंपनीची हमी येते, शटर कोरे असते आणि काही बिघडलेच तर दुकान समोर असते. दहा-पंधरा टक्के वाचवण्यासाठी हे सगळे सोडायला सहसा कोणी तयार होत नाही. तीस टक्क्यांच्या पुढे गेल्यावर माणूस विचार करू लागतो. त्यामुळे अजून बाजारात नवे मिळणारे मॉडेल, हमी संपलेली, पण स्वच्छ आणि कमी वापरलेली बॉडी असेल, तर नव्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास बोलणी सुरू करणे रास्त ठरते. हमीचे काही महिने शिल्लक असतील तर आकडा पासष्ट-सत्तरकडे जातो. लेन्सचा भाव बॉडीपेक्षा चांगला टिकतो, कारण बॉडीची नवी आवृत्ती दर तीन-चार वर्षांनी येते आणि लेन्स दहा-दहा वर्षे तीच राहते. चांगली लेन्स पासष्ट ते सत्तर टक्क्यांपासून धरायला हरकत नाही.

किट लेन्सचा हिशेब मात्र वेगळा आहे आणि इथेच सर्वांत जास्त भांडणे होतात. बॉडीबरोबर एकाच खोक्यात येणारी लेन्स सुटी घ्यायला गेले तर महाग असते, पण किटमध्ये ती पुष्कळ कमी पैशांत पडते. समजा, नुसती बॉडी ७० हजारांना आणि १८-१४० लेन्ससह किट ८५ हजारांना मिळते. मग त्या लेन्सची बाजारातली नवी किंमत पंधरा हजार झाली, तिची सुटी किंमत पस्तीस हजार छापलेली असली तरी. वापरलेल्या किट लेन्सचे साठ टक्के काढायचे ते या पंधरा हजारांचे. विकणारा पस्तीस हजारांचे निम्मे मागतो आणि घेणाऱ्याला तो भाव अव्वाच्या सव्वा वाटतो. दोघेही प्रामाणिक असतात, फक्त आधाराला धरलेली संख्या वेगळी असते.

मॉडेल बंद झालेले असेल तर नवी किंमत हातात नसते. अशा वेळी तेवढ्याच पैशांत आज दुसरे काय नवे मिळते, हे पाहावे. निकॉन आणि कॅनन या दोघांनी २०१८ मध्ये फुल फ्रेमचे मिररलेस कॅमेरे आणले आणि त्यानंतर त्यांची सगळी ताकद तिकडेच वळली. त्यामुळे आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांचे भाव दरवर्षी खाली सरकत आहेत. त्यांच्या लेन्सचे भाव तेवढे पडलेले नाहीत, कारण अडॅप्टर लावून त्या मिररलेसवरही चालतात. तिथेही भेद आहे. निकॉनचा एफटीझेड अडॅप्टर लावला तर ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे, त्यांचा ऑटोफोकस चालतो. बॉडीतल्या मोटरवर अवलंबून असणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्सवर मात्र हाताने फोकस करावा लागतो. हा फरक त्यांच्या भावात उतरलेला असतो.

यानंतर येतो शटर काउंट. प्रत्येक फोटोला शटरचे पडदे एकदा उघडतात आणि बंद होतात, त्याची मोजणी कॅमेरा ठेवत असतो. कंपन्या प्रत्येक मॉडेलसाठी शटर किती वेळा चालेल अशी चाचणी घेऊन एक आकडा जाहीर करतात. निकॉनच्या डी३५०० साठी तो १ लाख आहे, डी७५०० साठी दीड लाख, डी८५० साठी २ लाख आणि डी६ साठी ४ लाख. हा आकडा ओलांडला की शटर बंद पडते असे नाही. काही शटर त्याच्या दुप्पट चालतात, काही निम्म्यावरच अडखळतात. आकडा सांगतो तो एवढेच, की इतक्या क्लिकपर्यंत ते टिकावे अशी रचना केलेली आहे.

काउंट वाचायचा कसा, हे कंपनीगणिक बदलते. निकॉनचे कॅमेरे तो प्रत्येक फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवतात. कॅमेऱ्यातून थेट कार्डावर आलेला एक फोटो संगणकावर घ्यावा आणि एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमला विचारावे:

```
exiftool -Model -SerialNumber -ShutterCount DSC_4217.NEF
```

एका ओळीत मॉडेल, दुसरीत बॉडीचा अनुक्रमांक आणि तिसरीत काउंट मिळतो. फाइलच्या नावातला ४२१७ हा आकडा मात्र काउंट समजू नये, कारण तो ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत ही नोंद उरत नाही, संपादन करून पुन्हा साठवलेल्या फोटोतही ती बहुधा गळून गेलेली असते. म्हणून विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोवर विसंबू नये. स्वतःचे कार्ड घालून, समोर फोटो काढून, तीच फाइल तपासावी. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत काउंट फोटोत लिहिलेला नसतो. तो केबल जोडून वेगळ्या प्रोग्रॅमने किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये काढावा लागतो. विकणाऱ्याला तो माहीत नसेल तर त्यात लबाडी असेलच असे नाही.

आकडा कळल्यावर किमतीतून किती वजा करायचे, हा खरा प्रश्न. दीड लाखांपैकी पाऊण लाख क्लिक झाले म्हणून कॅमेऱ्याची निम्मी किंमत कापणे चूक आहे, कारण झिजलेला असतो तो एक भाग आणि तो बदलता येतो. सेन्सर, स्क्रीन, प्रोसेसर यांना क्लिकचा फारसा फरक पडत नाही. म्हणून शटरची झीज शटरच्याच किमतीतून मोजावी. बदलायचा खर्च मजुरीसह बारा हजार येत असेल आणि निम्मे आयुष्य सरले असेल, तर सहा हजार वजा. जाहीर आकडा ओलांडला असेल तर पूर्ण बारा हजार वजा करून कॅमेरा घ्यावा आणि शटर चालेल तितके चालू द्यावे. स्वस्त बॉडीत हा खर्च बॉडीच्या वापरलेल्या किमतीच्या जवळ जातो. तेव्हा मोठा काउंट असलेली स्वस्त बॉडी विकत घेण्यासारखी राहत नाही.

काउंटमधून कॅमेऱ्याचा इतिहासही दिसतो. लग्नाच्या हंगामात राबलेली बॉडी दोन वर्षांतच लाखाच्या घरात जाते आणि तिची बटणे, डायल, फ्लॅशचा शू यांनीही तेवढेच सोसलेले असते. उलट आठ वर्षांत तीनच हजार क्लिक झालेली बॉडी पाहून हुरळून जाऊ नये. ती बहुतेक काळ कपाटात पडून होती. बॅटरी मेलेली, रबर चिकट झालेले आणि लेन्समध्ये बुरशी, हे त्याच कपाटातून येते. व्हिडिओचे तास तर काउंटमध्ये दिसतच नाहीत. दिवसभर व्हिडिओ काढणाऱ्या कॅमेऱ्याचे शटर तरुण असू शकते आणि सेन्सर मात्र तासन्‌तास तापलेला. शटर बदललेले असेल तर सर्व्हिस सेंटरचे बिल मागावे. बदललेले शटर ही चांगली बाजू आहे, पण बिलाशिवाय ती कोणी पैशांत मोजणार नाही.

एखाद्या मॉडेलची जन्मजात खोडही भावात येते. निकॉनचा डी६०० २०१२ मध्ये आला आणि त्याच्या सेन्सरवर धूळ आणि तेलाचे ठिपके बसू लागले. वर्षभरात डी६१० आला आणि २०१४ मध्ये निकॉनने डी६०० ची दुरुस्ती विनामूल्य करून देण्याचे जाहीर केले. दोन्ही कॅमेरे जवळपास सारखेच, तरी वापरलेला डी६०० घेताना लोक आजही दुरुस्तीची पावती विचारतात.

बॉडीची कंडिशन पाहताना चकाकी आणि प्रकृती वेगळ्या मोजाव्यात. कडांचा रंग उडालेला, पट्ट्याच्या घासण्याने चरे पडलेले, हे दिसायला वाईट, पण फोटोला त्याने काही होत नाही. त्यासाठी हजार-दोन हजारांपेक्षा जास्त कापू नयेत. स्क्रूंच्या खाचा मात्र निरखून पाहाव्यात. त्या झिजलेल्या किंवा चमकत्या असतील तर बॉडी उघडली गेली आहे, आणि उघडण्याचे कारण विचारण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. बॅटरीचा कप्पा उघडून आतल्या धातूच्या पट्ट्या पाहाव्यात. तिथे हिरवट किंवा पांढरी पूड जमलेली असेल तर आत ओल किंवा खारी हवा गेलेली आहे. रत्नागिरी, मालवण, गोवा या पट्ट्यात किनाऱ्यावर वापरलेल्या कॅमेऱ्यांत ही खूण वारंवार सापडते. अशा बॉडीला कितीही कमी काउंट असला तरी ती सोडून द्यावी, कारण गंज आतल्या बोर्डापर्यंत कुठवर गेला आहे, हे बाहेरून कळत नाही.

सेन्सर तपासायला साधी पद्धत आहे. डायाफ्राम एफ १६ वर न्यावा, फोकस हाताने बिघडवावा आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढावा. काळसर गोल ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते आणि थोडेच पैसे कापायचे. साफ करूनही न जाणारी रेघ म्हणजे सेन्सरवरच्या काचेला चरा, आणि तो कॅमेरा किमतीचा विषयच राहत नाही. मग लेन्सवर टोपण ठेवून दोन-चार सेकंदांचा फोटो काढावा. एखाद-दुसरा उजळ ठिपका खपून जातो, चांदण्यासारखे भरपूर ठिपके दिसले तर नाही.

लेन्सला काउंट नसतो, तिथे सगळा निवाडा डोळ्यांनी करायचा. महाराष्ट्रात पावसाळ्याचे चार महिने लेन्सचा मोठा शत्रू असतो तो म्हणजे बुरशी. ती शोधायला लेन्स कॅमेऱ्यातून काढावी, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरावा आणि पुढून पाहावे. निकॉनच्या जी मालिकेतल्या लेन्सची पाती काढल्यावर मिटलेली असतात, त्यामुळे भोक बारीक दिसते आणि आतले काही कळत नाही. माउंटजवळ एक छोटी धातूची दांडी असते, ती नखाने सरकवून धरली की पाती उघडतात. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये पाती आपोआप उघडीच राहतात. काचेच्या काठाशी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी. सुटे कण म्हणजे धूळ, तिची फिकीर करू नये, ती प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असते. सगळी काच सारखी धुरकट दिसत असेल तर तो हेझ, आणि त्यामुळे प्रकाशाकडे बघून काढलेले फोटो फिके येतात.

दांडी सोडल्याबरोबर पाती झटकन मिटायला हवीत. ती रेंगाळत असतील किंवा त्यांवर तेलाची चमक असेल तर लवकरच फोटो जास्त उजळ येऊ लागतील. हाही दुरुस्तीचा खर्च आहे.

बुरशीचे पैसे कापताना ती कुठे आहे, हे पाहावे. काठाशी कोवळी असेल तर दुरुस्ती करणारा ती साफ करतो आणि लेन्स पुन्हा कामाची होते. मधोमध असेल किंवा जुनी असेल तर बुरशीच्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्लेला असतो आणि साफ केल्यावरही तिचा ठसा राहतो. म्हणून नुसता साफसफाईचा खर्च वजा करून थांबू नये. साफ केल्यावर काय निघेल, ही जोखीम घेणाऱ्याच्या गळ्यात पडते आणि तिचे पैसे वेगळे कापायला हवेत. पुढच्या काचेवरच्या एखाद्या बारीक चऱ्याने फोटोत सहसा काहीच दिसत नाही, मागच्या काचेवरच्या चऱ्याने दिसते. लोक पुढचा चरा पाहून घाबरतात आणि मागची काच पाहतच नाहीत.

शेवटी, लेन्स सगळ्यात मोठ्या ॲपर्चरवर ठेवून विटांच्या भिंतीचा फोटो अगदी समोरून काढावा आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. सगळे कोपरे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा मऊ असेल तर आतली काच सरकलेली आहे, बहुधा लेन्स पडलेली आहे. ही दुरुस्ती नाजूक असते आणि स्वस्त लेन्सच्या बाबतीत परवडतही नाही.

सोबतच्या सामानाला एकच नियम लावला की पुरे होते. जे असायलाच हवे आणि नाही, त्याची पूर्ण किंमत वजा करायची, आणि जे जादा आहे, त्याची थोडीच किंमत धरायची. कंपनीचा चार्जर नसेल तर नवा घ्यावा लागणार, म्हणून नव्या चार्जरची पूर्ण रक्कम कापायची. याउलट बॅग, ट्रायपॉड, यूव्ही फिल्टर, कार्ड हे घेणाऱ्याकडे बहुधा आधीच असते, त्यामुळे त्यांना चौथाई भावही क्वचित मिळतो. ते वेगळे विकलेले बरे. बॅटरीसाठी अंदाज बांधायची गरज नाही. निकॉनच्या अनेक मॉडेलांत सेटअप मेनूमध्ये बॅटरी इन्फो असते आणि तिथे बॅटरीचे वय ० ते ४ असे दिसते. शून्य म्हणजे नवी, चार म्हणजे बदला. कॅननच्या अनेक मॉडेलांत हेच हिरव्या चौकोनांनी दाखवतात.

बिल आणि खोके यांचे वजन त्यांच्या कागदापेक्षा फार जास्त असते. बिलावरचा, खोक्यावरचा, बॉडीच्या तळाचा आणि फाइलमधून निघालेला अनुक्रमांक एकच असेल, तर माल चोरीचा नाही आणि अधिकृत मार्गाने आला आहे, याची चांगली खात्री पटते. परदेशातून आणलेला, भारतीय बिल नसलेला ग्रे माल दिसायला तसाच असतो, पण त्याला इथली हमी मिळत नाही. बिल नसेल तर दहा टक्के तरी कमी धरावे. अनुक्रमांकच जुळत नसेल तर सौदा करू नये.

आता एक पूर्ण सौदा मांडून पाहू. यातले रुपयांचे आकडे उदाहरणापुरते धरले आहेत, पद्धत मात्र जशीच्या तशी वापरता येते. चिपळूणचे एक गृहस्थ आपला निकॉन डी७५००, किटमधली १८-१४० लेन्स आणि एफ १.८ जी मालिकेतली ५० मिलिमीटरची लेन्स विकायला काढतात. कॅमेरा पाच वर्षांचा आहे, बिल आणि खोके आहे, चार्जर आहे, एक मूळ बॅटरी आणि एक लोकल बॅटरी आहे, वर एक बॅग. त्यांनी मागितलेली रक्कम अशी बनली आहे: बॉडीचे ५० हजार, किट लेन्सच्या छापील ३५ हजारांचे निम्मे म्हणजे १७,५००, दुसऱ्या लेन्सचे ११ हजार आणि सामानाचे ६ हजार. एकूण ८४,५००.

नवी बॉडी आज ७० हजारांना मिळते असे धरू. त्याचे साठ टक्के म्हणजे ४२ हजार, हा चांगल्या, कमी वापरलेल्या बॉडीचा भाव. काउंट निघतो ६२ हजार, म्हणजे दीड लाखांचे सुमारे ४१ टक्के. शटर बदलायला १२ हजार लागतात असे धरले तर सुमारे ५ हजार वजा होतात आणि ३७ हजार उरतात. पकडीवरचे रबर सुटून वर आले आहे, ते बदलायचे दीड हजार. मूळ बॅटरीचे वय मेनूत ३ दिसते. नवी मूळ बॅटरी ४ हजारांची असेल, तर या बॅटरीचा थोडाच उपयोग उरला आहे, तिचे ३ हजार वजा. लोकल बॅटरीचे काही धरायचे नाही. बॉडी आली ३२,५०० वर.

किट लेन्सचे साठ टक्के काढायचे ते किटमधल्या पंधरा हजारांच्या फरकाचे, म्हणजे ९ हजार. लेन्स खाली तोंड करून धरली की झूम आपोआप घसरते. फोटोवर परिणाम नाही, पण काम करताना अडचण होते, म्हणून एक हजार कमी करून ८ हजार.

५० मिलिमीटरची लेन्स नवी १६ हजारांना मिळते असे धरले, तर तिचे पासष्ट टक्के १०,४००. दांडी सरकवून टॉर्च मारल्यावर मागच्या गटात काठाशी बुरशीचे दोन कोवळे फाटे दिसतात. चार पावसाळे ही लेन्स कपाटात राहिली, हे मालक मोकळेपणाने सांगतात. साफसफाईचे २ हजार आणि लेप खराब निघण्याच्या जोखमीचे २,४०० वजा केले की ६ हजार उरतात. ती किट लेन्सच्या शेजारीच ठेवलेली असल्यामुळे किट लेन्सही पुन्हा एकदा टॉर्च मारून पाहावी. बुरशीचे बीज हवेतूनच पसरते आणि एकाच दमट कपाटात दोन्ही लेन्सना सारखाच धोका असतो. ती स्वच्छ निघाली तर ८ हजार कायम. बॅगेचे एक हजार.

सगळे मिळून ४७,५०० होतात. मागितलेल्या ८४,५०० आणि या रकमेतला मोठा फरक तीन ठिकाणी पडलेला आहे: बॉडीचा भाव नव्याच्या सत्तर टक्क्यांहून वर धरला होता, किट लेन्स छापील किमतीवर मोजली होती आणि सामानाला जवळपास पूर्ण भाव लावला होता. घेणाऱ्याने नुसते ‘जास्त सांगताय’ म्हणण्यापेक्षा या तीन गोष्टी एकेक करून मांडल्या, तर मालकालाही त्या पटू शकतात. दोन-तीन हजार इकडे-तिकडे हे बोलण्यातून ठरते. पुण्या-मुंबईपासून दूर असलेल्या विक्रेत्याकडे गिऱ्हाइके कमी येतात, म्हणून तो थोडा खाली येतो. लग्नाचा हंगाम तोंडावर असेल तर तो ताणून धरतो.

हेच सामान मुंबईच्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी दुकानदाराला विकले, तर तो या रकमेच्या पाऊण पट द्यायला तयार झाला तरी तो भाव वाईट नव्हे. त्याला लेन्स साफ करून घ्यावी लागते, माल किती दिवस पडून राहील याची खात्री नसते, आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाला पंधरा दिवसांची किंवा महिन्याची चेकिंग वॉरंटी देतो. त्याच दुकानातून तेच सामान घेणाऱ्याने थेट सौद्यापेक्षा चार-पाच हजार जास्त दिले, तर ते त्या वॉरंटीचे पैसे आहेत. मात्र वॉरंटीत शटर आणि बुरशी धरलेली आहे का, हे पावतीवर लिहून घ्यावे, कारण वाद होतो तो नेमका याच दोन गोष्टींवर.

थेट सौद्यात पैसे देताना एका कागदावर बॉडीचा आणि दोन्ही लेन्सचे अनुक्रमांक, त्या दिवशी वाचलेला शटर काउंट, सोबत मिळालेल्या वस्तूंची यादी, रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात. मूळ बिल या कागदाला जोडून ठेवले की दोन वर्षांनी हाच कॅमेरा पुन्हा विकताना पुढच्या गिऱ्हाइकाला तो कोणाकडून, किती काउंटवर आला, हे दाखवता येते आणि बिल नसल्याचे दहा टक्के कापले जात नाहीत.